मथळ्यांसाठी थीमॅटिक की डिस्कोर्स ॲनालिसिस?

प्रश्न: नाशिकच्या वृत्तपत्रांतील कांद्याच्या बातम्यांचे मथळे अभ्यासायचे आहेत, थीमॅटिक ॲनालिसिस घ्यावे की डिस्कोर्स ॲनालिसिस?

उत्तर: मथळे काय सांगतात हे हवे असेल तर थीमॅटिक, आणि ते कसे सांगतात हे हवे असेल तर डिस्कोर्स ॲनालिसिस घ्यावे, तुमच्या सामग्रीसाठी मी दुसऱ्याकडे झुकतो.

डिसेंबर २०२३ मधील कांदा निर्यातबंदीनंतरचे दोन मथळे कल्पून पाहा: ‘लासलगावात कांद्याचे दर कोसळले’ आणि ‘निर्यातबंदीने कांद्याचे दर पाडले’. थीमॅटिक कोडिंगमध्ये, म्हणजे मजकुराला आशयानुसार लेबले लावताना, दोन्ही ‘दरघसरण’ याच कोडखाली जाण्याची शक्यता मोठी. फरक मात्र क्रियापदात आहे, कारण ‘कोसळले’ म्हणताच घसरण आपोआप घडल्यासारखी वाटते, तर ‘पाडले’ म्हणताना कारण कर्त्याच्या जागी येऊन उभे राहते. हा कर्ता कोणत्या वृत्तपत्रात, कोणत्या काळात गाळला जातो, हे डिस्कोर्स ॲनालिसिस तपासते.

थीमॅटिक पद्धतीत मथळ्याच्या पाच-सहा शब्दांतून अनेकदा ‘दर’, ‘आंदोलन’ अशी केवळ विषयांची नावे हाती येतात. थीमचे पूर्ण वाक्य करता आले नाही, तर ती थीम नव्हे, असे समजावे. अशा वेळी बातमीचा मजकूरही सामग्रीत घ्यावा. डिस्कोर्स ॲनालिसिससाठी मात्र थोडेच मथळे निवडून तारीख, पान आणि त्या दिवसाची घडामोड नोंदवावी, कारण जागेअभावी गाळलेला कर्ता आणि हेतुतः गाळलेला कर्ता यांतला भेद एकट्या मथळ्यावरून ठरत नाही.