पावसाआधी ढग वाचायला शीक

आघाडी म्हणजे उबदार आणि थंड हवा जिथे भिडतात ती सीमा. पाऊस सुरू झाल्यावर ती ओळखायला बसू नकोस, त्याआधीचे ढग बघ. उष्ण आघाडीत उबदार हवा थंड हवेच्या अंगावर अगदी हलक्या चढाने सरकते, साधारण दीडशे किलोमीटरला एक किलोमीटर. म्हणूनच तिची वर्दी बारा-चोवीस तास आधी मिळते. प्रथम पिसांसारखे तंतुमेघ, मग सूर्याभोवती खळं, मग दुधी काचेआडून दिसावा तसा फिकट सूर्य. ढग खाली उतरत जातात आणि कित्येक तास संततधार लागते. आघाडी पुढे गेली की भुरभुर उरते, हवा दमट होते आणि आग्नेयेचा वारा नैऋत्येकडून वाहू लागतो (हे उत्तर गोलार्धातलं).

शीत आघाडीचं काम झटपट. थंड हवा पाचरीसारखी घुसते, गडगडाटी ढग उठतात, तासाभरात झोडपून मोकळे. मग वारा एकदम वायव्येचा.

सुरुवातीला मी खळं दिसलं की पाऊस पक्का समजायचो आणि फसायचो. ढग दाट होत नसतील, वायुभारमापकातला दाबही घसरत नसेल, तर आघाडी बहुधा बाजूने निघून जातेय. घसरता दाब अचानक चढू लागला, तर शीत आघाडी नुकतीच डोक्यावरून गेली.