एक बिट पुसायचा खर्च आणि मॅक्सवेलच्या राक्षसाची उधारी

प्रश्न: मॅक्सवेलचा राक्षस रेणू निवडून वेगळे करतो, तरी उष्मागतिकीचा दुसरा नियम मोडत नाही, कारण म्हणे माहिती पुसताना उष्णता निघते. पण माहिती पुसल्यावर उष्णता का निघावी? आणि खर्च बघायला नाही, पुसायलाच का?

उत्तर:

आधी आकडा सांगतो. एक बिट पुसताना निघणारी किमान उष्णता kT ln 2 इतकी असते. k हा बोल्ट्झमनचा स्थिरांक, T हे भोवतालचं केल्विनमधलं तापमान आणि ln 2 म्हणजे २ चा नैसर्गिक लॉगॅरिदम, सुमारे ०.६९. ३०० केल्विनला, म्हणजे साधारण खोलीच्या तापमानाला, हा हिशोब २.९ झेप्टोज्यूलच्या जवळपास येतो. एका ज्यूलचे एकावर एकवीस शून्यं इतके भाग केले, तर त्यातले जेमतेम तीन. अख्खा एक गिगाबाइट पुसला तरी किमान खर्च एका ज्यूलच्या चाळीस अब्जाव्या भागाच्या आसपास राहतो. आपल्या संगणकात याच्या कितीतरी पट उष्णता निघते, पण ती वेगळ्या कारणांनी. रोजच्या व्यवहारात हा आकडा नगण्य आहे, पण तो शून्य नाही, आणि राक्षसाचं कोडं नेमकं तिथेच सुटतं.

मॅक्सवेलने १८६७ मध्ये पीटर गथ्री टेट यांना लिहिलेल्या पत्रात ही कल्पना मांडली. वायूने भरलेल्या पेटीच्या मधल्या भिंतीला एक झडप आहे आणि तिच्याशी बसलेला चिमुकला जीव वेगवान रेणू एका बाजूला, मंद रेणू दुसऱ्या बाजूला जाऊ देतो. काहीही काम न करता एक बाजू तापते आणि दुसरी गार होते. पण या रूपात हिशोब करणं अवघड जातं. रेणू अगणित, वेग वेगवेगळे, झडपेचं काय ते वेगळंच. म्हणून मी नेहमी लिओ झिलार्डने १९२९ मध्ये मांडलेलं रूप घेतो. त्यात एकच रेणू आहे, आणि पैन् पै मोजता येते.

एक पेटी घ्या. आत एकच रेणू, आणि भिंती T तापमानाच्या परिसराला टेकलेल्या. पेटीच्या बरोबर मधोमध एक पातळ पडदा सरकवा. रेणू आता डावीकडे तरी आहे किंवा उजवीकडे तरी. राक्षस बघतो आणि नोंद करतो: समजा, 'डावीकडे'. मग तो त्या पडद्यालाच दट्ट्या करतो आणि त्याला दोरीने एक वजन अशा बाजूने बांधतो, की दट्ट्या उजवीकडे सरकला की वजन वर उचललं जाईल. रेणू दट्ट्यावर आदळत राहतो आणि त्याला हळूहळू ढकलत नेतो. दर धडकेत रेणूची जी थोडी ऊर्जा जाते, ती तो पेटीच्या गरम भिंतींकडून परत मिळवतो. आकारमान अर्ध्यावरून पूर्ण होईपर्यंत मिळालेलं काम मोजलं तर ते kT ln 2 भरतं. इथला ln 2 आकारमान दुप्पट झाल्याचा आहे, दुसरं काही गूढ त्यात नाही. शेवटी दट्ट्या कडेला पोचतो, रेणू पुन्हा पूर्ण पेटीत मोकळा फिरतो, वजन वर गेलेलं असतं आणि परिसरातली तेवढीच उष्णता कमी झालेली असते. एकाच तापमानाच्या परिसरातून उष्णता घेऊन तिचं सगळंच्या सगळं काम करून घेणं दुसऱ्या नियमाला अजिबात मंजूर नाही.

इथे एक गोष्ट नीट बघा. वजन कोणत्या बाजूने बांधायचं हे ठरवायला रेणू कुठे आहे ते कळावंच लागतं. चुकीच्या बाजूने बांधलं तर काम मिळण्याऐवजी द्यावं लागेल. या यंत्राला जी माहिती लागते ती एवढीच, एक बिट.

मग खर्च कुठे लपला आहे? बरीच वर्षं सगळ्यांचा संशय 'बघण्यावर' होता. खुद्द झिलार्डलाही मोजणीतच किंमत मोजावी लागते असं वाटत होतं. पुढे १९५१ मध्ये लिऑं ब्रिल्वां याने सांगितलं की अंधाऱ्या पेटीतला रेणू बघायचा तर राक्षसाला दिवा हवा, आणि परिसराच्या उष्ण प्रारणातून वेगळा ओळखू येईल असा फोटॉन वापरायचा तर त्याची ऊर्जा kT पेक्षा बरीच जास्त हवी. हे स्पष्टीकरण अजूनही जागोजागी वाचायला मिळतं, आणि मला ते पटत नाही. एक महागडी पद्धत दाखवली म्हणून स्वस्त पद्धत नाहीच, असं सिद्ध होत नाही. चार्ल्स बेनेटने १९८२ मध्ये नेमकं हेच दाखवलं: मोजणी पुरेशी हळू आणि उलटवता येईल अशा रीतीने केली, तर तिचा खर्च हवा तितका शून्याजवळ नेता येतो.

असं का, ते शक्यता मोजून कळतं. पडदा घातल्यावर रेणूच्या दोन शक्यता आहेत, डावीकडे किंवा उजवीकडे. राक्षसाची वही, म्हणजे एक बिटाची मेमरी, कोरी आहे, तिची एकच शक्यता. एकूण दोन. मोजणी झाल्यावर 'रेणू डावीकडे, वहीत डावीकडे' आणि 'रेणू उजवीकडे, वहीत उजवीकडे' अशा पुन्हा दोनच. दोनाच्या दोन, काहीच दाबलं गेलं नाही. हा टप्पा उलटा चालवून वही पुन्हा कोरीही करता येते. आता दट्ट्या सरकून काम मिळाल्यावर बघा. रेणू पूर्ण पेटीत मोकळा आहे, तो मुळात कुठे होता याची खूण त्याच्यात उरलेली नाही. वहीत मात्र 'डावीकडे' किंवा 'उजवीकडे' लिहिलेलं आहे. पेटी पूर्वीसारखी झाली, वही झाली नाही. चक्र पूर्ण करायचं तर वही कोरी करायला हवी, म्हणजे दोन शक्यतांची एक करायला हवी.

रॉल्फ लँडाउअरने आयबीएममध्ये काम करताना १९६१ मध्ये बोट ठेवलं ते याच पायरीवर, मात्र राक्षसासाठी नव्हे, तर संगणकाच्या तापण्याचा विचार करताना. यांत्रिकीचे मूळ नियम दोन वेगळ्या अवस्थांना एकाच अवस्थेत कधी मिसळू देत नाहीत. बिटाच्या दोन अवस्था एकीत आणायच्या, तर त्यांच्यातला फरक दुसरीकडे कुठेतरी जायलाच हवा. तो परिसरातल्या अणूरेणूंच्या हालचालीत जातो. परिसराची एंट्रॉपी, म्हणजे किती शक्यता उघड्या आहेत याचं माप, निदान k ln 2 ने वाढते आणि T तापमानाला ती वाढ म्हणजेच kT ln 2 उष्णता.

हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर राक्षसाची वहीसुद्धा तशीच एक पेटी आहे असं धरा: रेणू डावीकडे म्हणजे ०, उजवीकडे म्हणजे १. पुसणं म्हणजे आधी काहीही असो, शेवटी ०. त्यासाठी मधला पडदा काढा, रेणू पूर्ण पेटीत पसरू द्या, आणि उजव्या भिंतीकडून दट्ट्या हळूहळू अर्ध्यावर आणा. रेणू दाबला जातो, तुम्हाला kT ln 2 काम करावं लागतं, आणि ते सगळं उष्णता होऊन भिंतींतून बाहेर जातं. झिलार्डचं यंत्र उलटं चालवलं की बिट पुसला जातो. जेवढं कमावलं तेवढंच परत जातं. उत्तम यंत्राचा नफा शून्य, आणि खऱ्या यंत्राचा तोटाच.

यावर हमखास येणारी शंका अशी: राक्षसाने वहीत बघावं, ० असेल तर काही करू नये, १ असेल तर उलटवून ० करावं. उलटवायला तर काही किमान खर्च नाही! बरोबर. पण 'काही करू नये' की 'उलटवावं' हा निर्णय जिथे साठला, तिथे आता तोच बिट जाऊन बसला. एका वहीतून दुसऱ्या वहीत उधारी सरकली, फिटली नाही. याचाच एक अर्थ असा की बिटाची किंमत आधीच ठाऊक असेल, तर तो ० करायला कमीत कमी असा कोणताही खर्च पडत नाही. खर्च पडतो तो ० की १ याचा पत्ता नसताना.

आणि राक्षसाने पुसलंच नाही तर? तर त्याला दर फेरीला वहीचं एक कोरं पान लागेल. वही संपेपर्यंत तो खरोखरच उष्णतेचं काम करून दाखवेल, आणि दुसरा नियम तरीही शाबूत राहील, कारण पेटीच्या परिसरातून गेलेली एंट्रॉपी वहीतल्या बेभरवशाच्या ०-१ च्या रूपात जमा होत जाते.

पुसण्याची ही किमान उष्णता २०१२ पर्यंत कागदावरच होती. त्या वर्षी फ्रान्समधल्या लिऑंच्या प्रयोगशाळेत सर्जिओ चिलिबेर्तो, एरिक लुट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक बिट पुसून त्याची उष्णता मोजली आणि निष्कर्ष 'नेचर'मध्ये छापले. त्यांचा बिट म्हणजे पाण्यात तरंगणारा सुमारे २ मायक्रोमीटर व्यासाचा सिलिकाचा मणी. लेझरचा झोत दोन जागांवर फार वेगाने आलटून पालटून पाडला की मण्यासाठी शेजारी शेजारी दोन खळगे तयार होतात. डावा खळगा ०, उजवा १. पुसताना मधला उंचवटा कमी करायचा, मण्याला एका बाजूला हलकेच ढकलायचं, आणि उंचवटा पुन्हा वाढवायचा. मणी सुरुवातीला कुठेही असो, शेवटी ठरलेल्या खळग्यात.

इतकी कमी उष्णता थर्मामीटरवर दिसणं शक्यच नाही. म्हणून त्यांनी मण्याचा पूर्ण मार्ग टिपला आणि त्यावरचं बल व त्याचं सरकणं यांच्या गुणाकारातून उष्णता काढली. पुसणं घाईत केलं की उष्णता जास्त निघे, आणि पुसायला जितका जास्त वेळ दिला तितका हा जादा भाग कमी होत जाई. सावकाश केलेल्या फेऱ्यांची सरासरी kT ln 2 जवळ येऊन थांबली.

असा प्रयोग वाचताना मी दोन गोष्टी आधी तपासतो. पहिली, पुसणं किती वेळा यशस्वी झालं. मणी काही वेळा चुकीच्या खळग्यात राहिला, तर बिट अर्धवटच पुसला गेला आणि त्या पुसण्याची किमान किंमतही कमी होते. निम्म्या वेळा चुकलं तर काहीच पुसलं गेलं नाही, मर्यादा थेट शून्य. त्यामुळे यशाचं प्रमाण न सांगता कमी उष्णतेचा दावा केला तर त्याला अर्थ नाही. दुसरी, आकडा एका फेरीचा आहे की सरासरीचा. पाण्याचे रेणू मण्याला सतत धक्के देत असतात, आणि एखाद्या फेरीत हे धक्के नशिबाने हव्या त्या दिशेने बसले तर kT ln 2 पेक्षा कमी उष्णता निघते. लिऑंच्या प्रयोगातही अशा फेऱ्या दिसल्या. लँडाउअरची kT ln 2 ही मर्यादा त्यांनी मोडत नाही, कारण ती मुळात अनेक फेऱ्यांच्या सरासरीवर आहे, आणि कोणती फेरी नशिबाची निघणार हे राक्षसाला आधी कळत नाही.