गुडघ्याच्या ऑपरेशनचे ३ लाख मिळतील का?

आई-बाबांच्या पॉलिसीच्या पानाचा फोटो टाकलाय. दोघांत मिळून विमा रक्कम ५ लाख, को-पेमेंट २०%, गुडघेबदलाला २४ महिने वेटिंग. पॉलिसीला १४ महिने झालेत. आईच्या ऑपरेशनचे ३ लाख मिळतील का?

आत्ता काहीच मिळणार नाही, आणि १० महिन्यांनीही पूर्ण ३ लाख नाहीत. बिलातून आधी वगळलेले खर्च जातात (हातमोजे, नोंदणी फी वगैरे). ते २०,००० धरले तर मान्य रक्कम २,८०,०००. तिच्यावर २०% म्हणजे ५६,००० तुमचे. कंपनी देईल २,२४,०००, तुमच्या खिशातून एकूण ७६,०००. त्या वर्षी बाबांसाठी मग २,७६,००० उरतात; हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. अपघाताने गुडघा गेला तर मात्र हे वेटिंग सहसा लागत नाही. पानावर ‘अपघात वगळून’ असं लिहिलंय का ते बघा.