खोलीचं माप आणि घुमणारे सूर

प्रश्न: माझ्या सरावाच्या खोलीत बेस गिटारची मोकळी ई आणि ए तार वाजवली की अख्खी खोली घुमते, पण मधला जी अगदी दुबळा येतो. अँप बदलून पाहिला, फरक नाही. खोली ४.२ × ३.१ × २.८ मीटर आहे. अँप एका कोपऱ्यात आहे आणि मीही त्याच कोपऱ्यात भिंतीला पाठ टेकून बसतो. असं का होतं?

उत्तर:

तुम्ही मापं दिलीत ते फार बरं केलंत, कारण या तीन आकड्यांतून तुमच्या तक्रारीचा बहुतेक भाग कागदावरच उलगडतो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाज पुढे-मागे परावर्तित होत राहतो. त्या दोन भिंतींमधल्या अंतरात एखाद्या सुराची बरोबर अर्धी तरंगलांबी मावली, तर जाणारी आणि परतणारी लाट एकमेकींना बळ देत राहतात आणि खोलीत स्थिर तरंग तयार होतो. एकाच जोडीच्या भिंतींमध्ये उभ्या राहणाऱ्या अशा तरंगाला अ‍ॅक्सियल मोड म्हणतात. त्याची वारंवारता काढायला आवाजाचा वेग, म्हणजे २० अंश तापमानाला सेकंदाला ३४३ मीटर, भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागायचा. आलेल्या आकड्याची दुप्पट, तिप्पट हे त्याच दिशेचे पुढचे मोड.

तुमच्या खोलीच्या लांबीतून ३४३ ÷ ८.४ = ४०.८ हर्ट्झ मिळतात, आणि त्यापुढे ८१.७ व १२२.५. रुंदीतून ५५.३ आणि ११०.६. उंचीतून ६१.३ आणि १२२.५. आता बेसचे सूर बघा. मोकळी ई तार ४१.२ हर्ट्झची, मोकळी ए तार ५५ची. म्हणजे लांबी जवळजवळ ई वर आणि रुंदी जवळजवळ ए वर जुळलेली आहे. शिवाय प्रत्येक तारेतून मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट वारंवारतेचा सूरही निघतो. ई चा तो ८२.४, ए चा ११०. हे दोन्हीसुद्धा पुढच्या मोडच्या अगदी शेजारी पडतात. छोटा अँप ४१ हर्ट्झ फारसा बाहेर टाकत नाही, त्यामुळे तुम्हाला घुमताना ऐकू येणारा ई बराचसा ८२ चाच असण्याची शक्यता मोठी आहे. याचा परिणाम पुढे खुर्ची हलवताना दिसेल.

जी मात्र ४९ हर्ट्झचा. ४०.८ आणि ५५.३ यांच्या मधोमध तो पडतो आणि तिथे या खोलीचा एकही मोड नाही. त्याची दुप्पट ९८, आणि तिथेही ८१.७ व ११०.६ यांच्यामध्ये अ‍ॅक्सियल मोड नाही. एकाहून अधिक जोड्यांच्या भिंती गुंतलेले मोड असतात, पण ते साधारणपणे कमकुवत पडतात. थोडक्यात, जी ला खोलीकडून फारशी मदत मिळत नाही, तर ई आणि ए ला दुहेरी मिळते. म्हणून अँप बदलून काही झालं नाही.

फक्त जोर वाढतो असं नाही, सूर लांबतोही. तार हाताने दाबून थांबवली तरी मोडमध्ये साठलेली ऊर्जा हळूहळू विरते, आणि तीच घुमल्यासारखी वाटते. हे तपासायला ई वाजवून तार झटकन दाबा, शेपूट ऐका. मग तसंच जी चं ऐका. हेडफोनवर दोन्ही सूर सारखेच तुटत असतील, तर दोष गिटारचा नाही.

आता जागेचा भाग. कडक भिंतीपाशी हवेला हलायला वाव नसतो, त्यामुळे तिथे दाब सर्वांत जास्त असतो. कोपरा म्हणजे तिन्ही दिशांचं टोक. तुमचा अँप तिथे प्रत्येक मोडला पूर्ण जोराने चेतवतो, आणि खुर्चीही तिथेच असल्यामुळे लांबी-रुंदीचे मोड तुम्हाला पूर्ण जोराने ऐकू येतात. उंचीचं तसं नाही. तुमच्या प्रश्नात बी ची तक्रार नाही हे मला फार बोलकं वाटलं. ए तारेवर दुसऱ्या फ्रेटचा बी ६१.७ हर्ट्झचा, म्हणजे उंचीच्या पहिल्या मोडवरच, तरी तो तुम्हाला खटकत नाही. कारण बसल्यावर कान साधारण १.२ मीटरवर असतात, आणि १.४ मीटरवर म्हणजे खोलीच्या निम्म्या उंचीवर त्या मोडचा दाब शून्य होतो. कुणाला तरी तो बी वाजवायला सांगून कान जमिनीशी न्या, तो फुगलेला ऐकू येईल.

उलट जी तारेच्या चौथ्या फ्रेटवरचा बी, १२३.५ हर्ट्झचा, मुद्दाम वाजवून बघा. लांबी आणि उंचीचं प्रमाण ३:२ असल्यामुळे लांबीचा तिसरा आणि उंचीचा दुसरा मोड एकाच जागी, १२२.५ वर, येऊन बसलेत. निम्म्या उंचीवर हा दुसरा मोड पुन्हा जोरात असतो. माझा अंदाज बरोबर असेल, तर हा सूरही बाकीच्यांपेक्षा पुढे येईल.

खुर्ची लांबीच्या मधोमध, २.१ मीटरवर नेली तर ४०.८ चा मोड तिथे गप्प होतो. पण ८१.७ चा मोड नेमका तिथेच जोरात असतो, म्हणून अनेकांना खोलीच्या मध्यावर बसून निराशा येते. तुमच्यासाठी मी मागच्या भिंतीपासून १.०५ मीटर, म्हणजे लांबीच्या पाव अंतराची जागा निवडेन. तिथे ८१.७ चा दाब शून्याजवळ येतो आणि ४०.८ चा सुमारे ३ डेसिबलने उतरतो. रुंदीत बाजूच्या भिंतीपासून १.२ मीटर घ्या. मधोमध नको, कारण तिथे ५५ गायब होतो आणि ११० फुगतो. १.२ वर ५५ चा मोड सुमारे ९ डेसिबलने खाली येतो, ११० चा जेमतेम अडीचने. अँप हलवण्यालाही हेच गणित लागू पडतं, म्हणून तो कोपऱ्यातून बाहेर काढा, फक्त खुर्चीच्या आधी नको, एका वेळी एकच गोष्ट बदला.

हे आकडे रिकाम्या, कडक भिंतींच्या खोलीसाठी आहेत. दार, खिडक्या, हलक्या भिंती यांनी मोड थोडे सरकतात. तापमान ३० अंश असेल तर वेग सुमारे ३४९ होतो आणि सगळे मोड जवळपास दोन टक्के वर जातात, म्हणजे साधारण एक-तृतीयांश अर्धसूर. मोडला रुंदीही असते, त्यामुळे ई शेजारचा एफ थोडा घुमला तर नवल मानू नका. खात्री हवी असेल तर फोनवरून अँपला साइन टोन देऊन ३५ ते १३० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढवा आणि कुठे फुगतो ते लिहून ठेवा.

भिंतीवर पाच सेंटीमीटरचा फोम लावू नका, तो या सुरांना स्पर्शही करत नाही. ८२ हर्ट्झची पाव तरंगलांबी एक मीटरहून जास्त आहे. जागा बदलून उरलेलं अँपच्या इक्वलायझरने करा: साइन टोनने सापडलेल्या जागांवर, साधारण ५५ आणि ८२ जवळ, अरुंद पट्ट्यात तीन-चार डेसिबल कमी करा. जी वाढवायच्या आधी हे करा. ई-ए खाली आले की तो आपोआप सोबतीला येतो.