एचआयव्हीची औषधं, म्हणजे एआरटी, सुरू झाली आणि ताप आला

"मॅडम, गोळ्या घेण्याआधी मी ठणठणीत होतो. सुरू केल्या आणि तापाने फणफणलो, मानेला गाठ आली. या गोळ्या मला सोसत नाहीत. बंद करू का?"

बंद करू नका, आणि ताप अंगावर काढू नका. लगेच एआरटी सेंटरला येऊन दाखवा.

पहिल्या तीन महिन्यांत हा प्रश्न मला सतत ऐकायला मिळतो. हडपसरच्या एका गृहस्थांचं सांगते, ओळख पटेल असे तपशील बदलून. एचआयव्हीचं निदान झालं तेव्हा त्यांचा सीडी४, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, होता ४८, फारच कमी. टीएलडी या एआरटीची रोज एक गोळी सुरू झाली आणि तिसऱ्या आठवड्यात ताप चढला. दोन दिवस गोळी चुकवून ते माझ्यासमोर बसले होते.

माझा कल पहिल्यापासून एकच आहे: माणसाला त्याच्या आजाराची गोष्ट त्याच्याच तोंडून जुळवू द्यावी. म्हणून गोळीचा विषय बाजूला ठेवून मी विचारलं, "त्याआधी रात्री झोप कशी लागायची?"

"झोप लागायची, पण घाम फार. मध्यरात्री बनियन बदलायला लागायचं. मला वाटलं, उन्हाळा आहे."

"किती दिवस असं चाललं होतं?"

ते थांबले. "गोळ्यांच्या आधी... महिनाभर तरी. म्हणजे हे आधीपासूनच आत होतं?"

इथे गोष्ट जुळली. गोळ्या सुरू करण्यापूर्वी खोकला, ताप, वजन घटणं आणि रात्रीचा घाम विचारतात, तेव्हा त्यांनी 'नाही' म्हटलं होतं. खोटं नव्हे, घाम त्यांच्या लेखी आजारच नव्हता. टीबीचा जंतू आत होता, पण ताप आणि सूज बऱ्याच अंशी आपलं शरीर जंतूशी लढताना निर्माण करतं. सीडी४ ४८ असताना लढायला बळच नव्हतं, म्हणून सगळं शांत भासायचं. एआरटीने विषाणू दबला, प्रतिकारशक्ती परतली आणि तिला तो जंतू दिसला. याला आयरिस म्हणतात. सीडी४ जितका खाली, तितका याचा धोका जास्त.

अर्थात, प्रत्येक ताप आयरिस नसतो. औषधाची रिअॅक्शन असू शकते किंवा नवा संसर्ग, म्हणून तपासणी हवीच. त्यांच्या गाठीतून सुईने नमुना घेऊन टीबी शोधणारी सीबीनॅट चाचणी केली, टीबी निघाला. टीबीची औषधं सुरू झाली. त्यातलं रिफाम्पिसिन टीएलडीतल्या डोल्युटेग्राविरचा असर कमी करतं, म्हणून रोजच्या गोळीनंतर बारा तासांनी डोल्युटेग्राविरची ५० मिलिग्रॅमची जादा गोळी लागली. एआरटी चालूच राहिली. ती थांबवायची वेळ क्वचितच येते आणि तो निर्णय डॉक्टरांचा. सूज फार असेल तर तेच काही काळ स्टेरॉइड देतात.

डोकं प्रचंड दुखणं, उलट्या, अंधुक दिसणं, गुंगी किंवा धाप यांपैकी काही असेल तर मात्र सेंटरच्या वेळेची वाट न बघता थेट इमर्जन्सी गाठा. मेंदूच्या आवरणातला आयरिस जीवघेणा ठरू शकतो.

टीबीच्या औषधांवरही काही आठवड्यांनी त्यांची गाठ पुन्हा फुगली. असं होऊ शकतं, हे आम्ही आधीच बोललो होतो. त्यांचा फोन आला, "मॅडम, दोन्ही गोळ्या चालू आहेत. गाठ दाखवायला कधी येऊ?"