ताप आणि दाबूनही न जाणारे जांभळे ठिपके

प्रश्न : मुलाला ताप आहे आणि पायांवर जांभळट ठिपके आलेत. पेला दाबून बघा म्हणतात, त्यातून नेमके काय कळते?

ठिपके दाबूनही जात नसतील, तर पुढचे वाचत बसू नका. मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्या.

साध्या पुरळात त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात. दाब दिला की त्यांतले रक्त बाजूला सरते आणि लाली क्षणभर नाहीशी होते. जांभळट ठिपक्यांत मात्र रक्त वाहिनीबाहेर झिरपून त्वचेत साचलेले असते, आणि ते दाबाने हलत नाही. म्हणून पारदर्शक काचेच्या पेल्याची बाजू ठिपक्यांवर घट्ट दाबून काचेतूनच पाहायचे. बोटाने दाबले तर दाबलेल्या क्षणी खाली काय झाले ते दिसत नाही. त्वचा सावळी असेल तर तळहात, तळपाय, तोंडातली टाळू आणि खालच्या पापणीची आतली बाजूही पाहावी, कारण तिथे ठिपके लवकर नजरेस येतात.

बालरोग विभागात काम करताना पाहिलेला एक चार वर्षांचा मुलगा मला नेहमी आठवतो. सकाळी त्याच्या पोटावर फिकट गुलाबी ठिपके होते आणि पेला दाबल्यावर ते गेले, म्हणून घरचे निर्धास्त झाले. दुपारी पाय दुखतात म्हणून तो रडू लागला. कपाळ तापलेले, पण हातपाय गार होते. आईने मोजे काढले, तेव्हा घोट्याजवळ टाचणीच्या टोकाएवढे तीन ठिपके दिसले आणि ते काचेखाली तसेच राहिले. तो आमच्याकडे पोहोचेपर्यंत त्यांतला एक मसुराएवढा झाला होता. मेनिंगोकॉकस जिवाणू रक्तात पसरल्याची शंका असल्याने तपासणीच्या निकालाची वाट न पाहता शिरेतून प्रतिजैविक सुरू केले. मूल वाचले.

या चाचणीची मर्यादा इथेच दिसते. या आजारात सुरुवातीचे पुरळ दाबून जाऊ शकते, कधी पुरळ येतच नाही. त्यामुळे पेल्याखाली ठिपके गेले, तरी ताप असेपर्यंत चाचणी पुन्हा पुन्हा करावी. आणि हातपाय गार पडणे, पाय खूप दुखणे, धाप लागणे, जाग न येण्याइतकी गुंगी यांपैकी काही दिसले, तर ठिपक्यांची वाट पाहू नये.

न जाणारा प्रत्येक ठिपका जीवघेणा असतो असेही नाही. जोराच्या खोकल्याने किंवा उलटीने चेहऱ्यावर आणि मानेवर असे ठिपके उमटतात, आणि डेंग्यूत प्लेटलेट्स कमी झाल्यानेही येतात. पण हा निवाडा घरी करायचा नाही. निघताना एखाद्या ठिपक्याभोवती पेनाने वर्तुळ काढा, म्हणजे तो वाढतो आहे का हे डॉक्टरांना कळेल. आणि रुग्णालयात पोहोचताच, केसपेपर काढण्याआधी, ‘ताप आहे आणि दाबून न जाणारे ठिपके आहेत’ एवढे स्पष्ट सांगा.