वर्गदर आणि आकारवजा नफा

‘ट्रान्स्फर प्राइसला पुस्तकात हस्तांतरण किंमत आणि रेसिड्युअल इन्कमला अवशिष्ट उत्पन्न लिहिलंय. दोन्ही डोक्यावरून जातात. आपल्याकडे बोलता येईल असे शब्द आहेत का?’

आहेत, आणि मला ते पुस्तकी शब्दांपेक्षा नेमके वाटतात.

हस्तांतरणात मालक बदलतो, जमिनीच्या व्यवहारात बदलतो तसा. सांगलीकडच्या साखर कारखान्यात मळी साखर विभागातून डिस्टिलरीकडे जाते तेव्हा मालक तोच असतो, फक्त हिशेबाचं खातं बदलतं. त्यासाठी बँकेत आणि पतसंस्थेत आपण ‘रक्कम वर्ग केली’ म्हणतोच. म्हणून मळी वर्ग करायची आणि ज्या दराने केली तो वर्गदर. ‘किंमत’ऐवजी ‘दर’, कारण आपल्याकडे टनामागे बोलायचं तर उसापासून मळीपर्यंत दरच असतो. एकाच समूहातल्या दोन वेगवेगळ्या कंपन्यांमधला व्यवहार असेल, आयकरात ज्याची तपासणी होते तसा, तर मात्र हस्तांतरण योग्यच आहे.

दुसरा शब्द अधिक अवघड. ‘अवशिष्ट’ म्हटलं की उरलासुरला गाळ डोळ्यांपुढे येतो, आणि काय वजा केलं ते कळतच नाही. वजा होतो तो गुंतवलेल्या भांडवलाचा मोबदला. त्याला ‘व्याज’ म्हणावं तर बँकेला प्रत्यक्ष भरलेलं व्याज वाटतं, आणि हा तर हिशेबापुरता धरलेला भार. वीजबिलात ‘स्थिर आकार’ असतो, तसा हा भांडवल आकार. तो काढल्यावर राहतो तो आकारवजा नफा.

समजा डिस्टिलरीत १० कोटी गुंतले आहेत, नफा २ कोटी, आणि भांडवल आकार १२ टक्के. परतावा २० टक्के आणि आकारवजा नफा ८० लाख. आता १ कोटीची टाकी बसवली तर वर्षाला १५ लाख जास्त मिळतील. कारखान्याला ते हवंच आहे, कारण १५ हे १२ पेक्षा जास्त. पण डिस्टिलरीचा परतावा १९.५ टक्क्यांवर येतो. ज्या मॅनेजरचं मोजमाप परताव्यावर होतं, तो टाकीचा प्रस्ताव पुढे पाठवत नाही. आकारवजा नफा मात्र ८० वरून ८३ लाख होतो, त्यामुळे त्यावर मोजला जाणारा मॅनेजर टाकी मागेल.

आणि या दोन्ही आकड्यांच्या मुळाशी वर्गदर आहे. वर्षाला २०,००० टन मळी वर्ग होत असेल आणि दर टनामागे २०० रुपयांनी वाढवला, तर ४० लाख साखर विभागाकडे सरकतात. कारखान्याचा एकूण नफा तेवढाच, पण (टाकीशिवायच्या हिशेबात) डिस्टिलरीचा परतावा १६ टक्के आणि आकारवजा नफा ४० लाख. तिच्या मॅनेजरने काहीही बिघडवलेलं नाही. मळीला बाहेर गिऱ्हाईक असेल तर बाहेरच्या दरातून वाचलेली वाहतूक आणि दलाली वजा करून वर्गदर धरावा. म्हणून मी आकारवजा नफ्याचा आकडा लिहिताना शेजारी वर्गदरही लिहितो.